सहा फ्रेम थांबलेला लोगो

शेतीवरच्या एका साप्ताहिक व्हिडिओ मालिकेसाठी मी दोन सेकंदांचं स्टिंग केलं होतं, आणि त्यात जितक्या जागा होत्या तितक्या चुका करून ठेवल्या होत्या. मालिका सांगली-कोल्हापूर पट्ट्यातली. दर भागात एका शेतकऱ्याची मुलाखत. आधी त्याचं एखादं ठसकेबाज वाक्य, मग स्टिंग, मग मूळ भाग. मालिकेचं काम बघणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, “लोगो आहे, जुन्या भागांचं फुटेज पडलंय, नव्या शूटिंगला पैसे नाहीत. दोन सेकंदांत बसवा, लोक पुढे ढकलतात.” इतकं स्वच्छ काम सहसा कुणी सांगत नाही. घोळ झाला तो माझ्या बाजूने.

मी जाहिराती आणि लग्नाचे हायलाइट्स करत आलेला माणूस. कुठलीही गोष्ट ‘पूर्ण’ करायची सवय. दोन सेकंद म्हणजे छोटा सिनेमाच, असं धरून बसलो. आजूबाजूचा भाग टाइमलाइनवर ठेवलाच नाही. माझ्या काळ्या पडद्यावर ते दोन सेकंद एकटेच फिरवत राहिलो. पुढे जे काही बिघडलं त्याचं मूळ यात होतं.

पन्नास फ्रेमचा हिशेब

आपल्याकडे पंचवीस फ्रेमवर काम चालतं, म्हणजे दोन सेकंदांत पन्नास फ्रेम. पहिल्या फेरीत त्या मी अशा वाटल्या होत्या: जुन्या भागांतले सहा शॉट, प्रत्येकी पाच फ्रेम, म्हणजे तीस. पुढच्या चौदा फ्रेममध्ये लोगोची अक्षरं एकेक करून उडत येऊन बसणार. उरल्या सहा. त्या सहा फ्रेम लोगो पूर्ण आणि स्थिर. सहा फ्रेम म्हणजे पाव सेकंद.

मला तो लोगो व्यवस्थित वाचता येत होता. त्याला दोन कारणं होती. एक तर नाव मला आधीपासून माहीत होतं. दुसरं म्हणजे मी ते लूपवर पाहत होतो. दोन सेकंदांचा तुकडा सतत फिरत राहिला की डोळा प्रत्येक फेरीत थोडं थोडं गोळा करतो. दहाव्या फेरीला आपण जे ‘वाचतो’ ते एका फेरीत दिसलेलं नसतंच. लूप हा संकलकाचा सोयीचा मित्र आहे आणि स्टिंगच्या बाबतीत खोटं बोलणारा साक्षीदारही.

कॅमेरा असिस्टंटचे वडील काही कामाने ऑफिसात आले होते. स्वतः उसाचे शेतकरी, म्हणजे मालिकेचे नेमके प्रेक्षक. मी पूर्ण भाग फोनवर लावून त्यांच्या हातात दिला. स्टिंग होऊन मुलाखत सुरू झाली, तसं विचारलं, “काका, नाव काय वाचलंत?”

“कायतरी चमकलं नि गेलं की.”

“पण नाव?”

“वाचायला थांबलंय कुठं ते?”

पुढे दुरुस्तीत हिशेब उलटा मांडला. आधी ठरवलं की लोगो किती फ्रेम अजिबात हलणार नाही, आणि उरलेल्यात बाकी सगळं. ओळखीच्या लिपीतला एक छोटा शब्द पहिल्यांदा पाहणाऱ्याला आरामात वाचता यावा यासाठी मी आता वीस ते पंचवीस फ्रेम धरतो. शेवटचा आराखडा असा झाला: शून्य ते चौदा फुटेज, नऊ ते वीस लोगो घडतो, वीस ते बेचाळीस काहीही हलत नाही, शेवटच्या आठ फ्रेममध्ये पुढच्या भागात विरघळतो. नऊ ते चौदा या फ्रेम फुटेज आणि लोगो दोघांच्या आहेत. एवढ्या छोट्या जागेत आधी हे आणि मग ते असं परवडत नाही. एकाच्या पाठीवर दुसऱ्याला चढावं लागतं.

यात कीफ्रेमची एक गोष्ट आहे. माझी अक्षरं सारख्या वेगाने येत आणि शेवटी झटका देऊन थांबत. म्हणून मी त्यांना थोडं पुढे जाऊन मागे येण्याचा हेलकावा दिला होता. तो हेलकावा आणखी पाच-सहा फ्रेम खातो, आणि तेवढा वेळ शब्द वाचता येत नाही. त्याऐवजी सुरुवातीला वेग जास्त आणि शेवटाला कमी ठेवला की अक्षर चौथ्या-पाचव्या फ्रेमलाच जवळजवळ जागेवर असतं. उरलेल्या दोन फ्रेम ते फक्त निवतं. तेवढ्यात वाचणं सुरूही होतं. कागदावर लोगो विसाव्या फ्रेमला थांबतो, डोळ्याला तो सोळाव्यालाच थांबलेला वाटतो.

माझ्या डोक्यात दूरदर्शनचा तो डोळा बसलेला होता. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत देवाशीष भट्टाचार्य यांनी काढलेलं ते चिन्ह: दोन वक्र आकार गोल फिरत येतात आणि मधल्या गोळ्याभोवती स्थिरावतात. लोगो घडताना बघण्यातच मजा आहे, हे मी तिथून उचललं. पण तो प्रेक्षक टीव्हीसमोर कार्यक्रम सुरू होण्याची वाट बघत बसलेला असायचा. माझ्या प्रेक्षकाचं बोट पडद्यावर तयार होतं.

अक्षरं तुटली ती कशी

लोगो माझ्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवरून आला, पांढऱ्या पार्श्वभूमीची जेपीजी. मी ती कापून घेतली, पांढरा रंग काढला, कडा घासल्या आणि कामाला लागलो. आमच्याकडे बहुतेक लोगो बॅनर छापणाऱ्याकडे जन्मलेले असतात आणि त्याच्याकडे कोरलड्रॉची मूळ फाइल असते. एक फोन केला असता तर ती अर्ध्या तासात मिळाली असती, आणि नंतर तशी मिळालीही. मात्र फाइल मागताना ‘कर्व्ह करून द्या’ हे सांगायला विसरायचं नाही. बॅनरवाल्यांचे देवनागरी फॉन्ट पुष्कळदा जुन्या, युनिकोडपूर्व पद्धतीचे असतात. तो फॉन्ट आपल्याकडे नसेल तर शब्दाच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा उघडतो.

मालिकेच्या नावात ‘शिवार’ हा शब्द होता. पहिल्या फेरीत मी लोगो बाजूला ठेवून त्याच्यासारखा दिसणारा फॉन्ट घेतला आणि शब्द सॉफ्टवेअरमध्ये टाइप केला, कारण टाइप केलेल्या मजकुरावर अक्षरागणिक अ‍ॅनिमेशन आयतं मिळतं. ते आयतं अ‍ॅनिमेशन रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलं. ‘शिवार’ साठवताना संगणक आधी ‘श’ ठेवतो, मग वेलांटी. वाचताना मात्र वेलांटी ‘श’च्या डावीकडे दिसते. माझ्या सेटिंगमध्ये तुकडे साठवणुकीच्या क्रमाने पडले. आधी ‘श’ उतरला, मग वेलांटी त्याच्या डावीकडे घुसली आणि ‘श’ उजवीकडे सरकला. काना ‘व’पासून सुटून वेगळाच उड्या मारत आला. शिरोरेघेचं तर विचारू नका: प्रत्येक अक्षर आपापला तुकडा घेऊन येत होतं आणि मध्ये फटी पडत होत्या. चौदा फ्रेममध्ये हे कुणाला दिसतंय, असं मी मनाशी म्हणालो. दिसतं. काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण शब्द मोडका वाटतो.

मूळ फाइल आल्यावरही एक खाच लागली. कर्व्ह केल्यावर प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर स्वतःची रेघ असते आणि शेजारच्या रेघेवर ती किंचित चढलेली असते. लोगो भरीव असेपर्यंत हे कळत नाही. तो हळूहळू उमटवायला घेतला, म्हणजे अपारदर्शकता शून्यावरून शंभरावर नेली, की जिथे रेघेवर रेघ आहे तिथे गडद ठिपके दिसतात. इलाज सोपा: कोरलड्रॉमध्ये सगळी अक्षरं वेल्ड करून एक आकार करायचा. मग आपल्याला हवी तशी कापणी करायची.

मी त्याचे तीन भाग केले. संपूर्ण शिरोरेघ हा एक, रेघेखालची अक्षरांची अंगं हा दुसरा, आणि रेघेवर चढणारी वेलांटीची कमान हा तिसरा. रेघ डावीकडून उजवीकडे ओढली जाते, तिच्याखाली अक्षरं मास्कच्या आडून खाली उतरतात, आणि कमान शेवटी बसते. हाताने लिहिताना आपण अक्षरं आधी काढतो आणि रेघ नंतर मारतो, हे मला माहीत आहे. एका शिक्षक प्रेक्षकांनी ते कळवलंही. पण पडद्यावर रेघ आधी आली की अक्षरं कुठे येणार हे डोळ्याला अगोदर कळतं, आणि ती आल्याआल्या वाचली जातात. शिवाय रेघेचा मला फुटेजशी सांधा जोडायला उपयोग होणार होता.

सहा शॉटांऐवजी एक

जुन्या भागांचं फुटेज भरपूर होतं, आणि भरपूर असलं की सगळं दाखवावंसं वाटतं. ड्रोनमधून ऊस, दुधाची धार, पारावर हसणारी माणसं, ट्रॅक्टर, पंपाचं पाणी, हातातली माती. प्रत्येकी पाच फ्रेम. प्रत्येक कटवर मी एक पांढरी फ्रेम टाकली होती, कारण त्याने जोर येतो. सहा शॉटांच्या तीस फ्रेममध्ये सहा लखलखाट, म्हणजे सेकंदाला पाच. वेबवरील सुगम्यतेच्या मार्गदर्शक नियमांत एका सेकंदात तीनपेक्षा जास्त लखलखाट नकोत असं स्पष्ट म्हटलेलं आहे, कारण प्रकाशाला संवेदनशील असलेल्या काही लोकांना त्याने झटका येऊ शकतो. माझ्या स्टिंगने ती मर्यादा दर आठवड्याला, प्रत्येक भागाच्या तोंडाशीच ओलांडली असती. पांढऱ्या फ्रेम पहिल्या गेल्या.

त्या गेल्या तरी चित्र फोनवर चौकटी-चौकटींचं दिसत होतं. माझ्या मॉनिटरवर उसाचं पान न् पान दिसायचं. अपलोड झाल्यावर हिरवा चिखल. कारण समजून घेण्यासारखं आहे. ऑनलाइन जाणारा व्हिडिओ प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. एक चित्र पूर्ण ठेवून पुढच्या फ्रेममध्ये ‘काय बदललं’ एवढंच मुख्यतः लिहिलं जातं. मुलाखतीत माणूस खुर्चीत बसलेला असतो, ओठ आणि हात हलतात, तेव्हा ही काटकसर उत्तम चालते. पण दर पाच फ्रेमला कट आला की मागच्या चित्राचा काही उपयोग राहत नाही. सगळं नव्याने लिहावं लागतं. त्यात ड्रोनमधून दिसणारा वाऱ्यावरचा ऊस म्हणजे हजारो बारीक कडा, सगळ्या हलणाऱ्या. दिलेल्या डेटात ते मावत नाही, मग बारकावे टाकून दिले जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की आणखी दाबलं जातं, आणि आमचा बराच प्रेक्षक तो भाग गटातल्या फॉरवर्डवरच बघत होता.

हे आधी ओळखायची सोपी खूण आहे. स्टिंग स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करायचं आणि मधल्या शॉटवर थांबवून बघायचं. तिथे पान दिसलं नाही तर तो शॉट प्रेक्षकापर्यंत पोचलेला नाही, आपल्या हार्ड डिस्कवर कितीही सुंदर असो.

म्हणून एकच शॉट ठेवायचं ठरवलं, आणि निवडीची कसोटी बदलली. चित्र देखणं आहे का, हे बाजूला ठेवलं. कॅमेरा स्थिर आहे का, हालचाल एकाच दिशेने आहे का, आणि ती रेघेला जोडता येते का, हे बघितलं. एका जुन्या भागात एक शेतकरी दारं धरत होता. खोऱ्याने त्याने मातीचा बांध मोडला आणि पाणी कोरड्या सरीत शिरलं. कॅमेरा तिपाईवर, पाणी डावीकडून उजवीकडे, पाण्याचं तोंड चकाकणारं. बाकी फ्रेम तपकिरी आणि शांत. दाबायला सोपं, डोळ्यालाही सोपं.

तिथेही मी एक चूक केली. पाण्याला फ्रेम ओलांडायला तीन सेकंद लागत होते आणि माझ्याकडे होतं त्याच्या पाचव्या भागाएवढं. मी सरळ वेग पाचपट केला. पाणी तडतडत उड्या मारू लागलं. पंचवीस फ्रेमला कॅमेऱ्याचं शटर साधारण पन्नासांश सेकंद उघडं असतं, आणि हालचालीची धूसरता तेवढ्याच वेळाची नोंदली जाते. पाचपट वेगात पाचपैकी चार फ्रेम गळतात. दोन चित्रांमधलं अंतर पाचपट होतं, पण धूसरता पूर्वीएवढीच राहते. दोन चित्रं एकमेकांना लागत नाहीत, म्हणून ते टोचतं. गळणाऱ्या फ्रेम एकमेकींत मिसळून पाहिल्या, तर पाण्याचं चकाकतं तोंडच पुसलं गेलं, आणि मला नेमकं तेच हवं होतं.

शेवटी वेग मूळचाच ठेवला आणि फक्त पंधरा फ्रेम घेतल्या, बांध मोडून पाणी सरीत झेपावतं तेवढ्या. पाणी पूर्ण फ्रेम ओलांडत नाही, मध्यापर्यंत येतं. नवव्या फ्रेमला पाण्याच्या तोंडापाशीच शिरोरेघ उगवते आणि उरलेलं अंतर ती कापते. चित्र थोडं वर सरकवलं, म्हणजे सरीची आणि रेघेची उंची जुळली. पाणी अर्ध्यावर संपलं हे आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही, कारण डोळा रेघेबरोबर पुढे गेलेला असतो.

पांढऱ्या सदऱ्यावरची करडी कड

शेवटच्या आठ फ्रेममध्ये मागची तपकिरी पार्श्वभूमी निघून जाते आणि लोगो क्षणभर मुलाखतीच्या पहिल्या शॉटवर राहतो. त्यासाठी फाइलमध्ये पारदर्शकता लागते. नेहमीच्या एमपी-४मध्ये, म्हणजे एच.२६४मध्ये, ती जात नाही. मी प्रोरेस ४४४४मध्ये काढली. इथवर बरोबर होतं.

पहिल्या भागाचा पाहुणा पांढरा सदरा घालून बसला होता. त्याच्यावर आमचा पांढरा लोगो आला आणि अक्षरांभोवती करडी, मळकट कड दिसली. माझ्याकडे ती कधीच दिसली नव्हती, कारण मी लोगो काळ्यावर तपासला होता.

कारण असं. अक्षराची कड गुळगुळीत दिसावी म्हणून कडेचे ठिपके अर्धवट पारदर्शक असतात. ते साठवायच्या दोन पद्धती आहेत. एकीत ठिपक्याचा रंग शुद्ध पांढराच ठेवतात आणि ‘हा अर्धा पारदर्शक आहे’ एवढं वेगळं लिहितात. दुसरीत रंग आधीच काळ्यात मिसळून ठेवतात, म्हणजे अर्धा पारदर्शक पांढरा हा करडा म्हणून साठतो. वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला कुठली पद्धत आहे हे माहीत असेल तर दोन्ही ठीक. मी दुसरी पद्धत दिली, आणि भागाच्या प्रोजेक्टमध्ये ती पहिली समजून वाचली गेली. मग त्या करड्यालाच पुन्हा अर्धं केलं जातं. पांढऱ्या सदऱ्यावर हिशेब बघा: तिथे एक यायला हवा होता. आला अर्ध्याचा अर्धा म्हणजे पाव, अधिक सदऱ्याचा अर्धा. एकूण पाऊण. ती पाऊण म्हणजेच करडी कड. काळ्यावर अर्ध्याऐवजी पाव येतो, अक्षर केसभर बारीक दिसतं, आणि कुणालाही संशय येत नाही.

आफ्टर इफेक्ट्समधून काढताना आउटपुट मॉड्यूलमध्ये ही निवड समोरच असते:

```
Channels: RGB + Alpha
Color:    Straight (Unmatted)
```

मी दुसऱ्या ओळीकडे कधी पाहिलंच नव्हतं. आता `Straight` काढतो आणि फाइल देण्याआधी ती पांढऱ्यावर, काळ्यावर आणि एखाद्या भडक लालवर ठेवून कडा बघतो. `Straight` फाइल नुसती उघडली तर कधीकधी कडा ओबडधोबड दिसतात आणि समोरचा माणूस घाबरून फोन करतो. टाइमलाइनवर ठेवली की ठीक दिसते. हे मी फाइलसोबत लिहून देतो.

आवाजाचं शेपूट

आवाजासाठी मी तयार संग्रहातला एक ‘हूऽश’ आणि त्यापाठोपाठ घुमणारा ठोका घेतला. ठोक्याचं घुमणं दीड-एक सेकंद रेंगाळायचं, आणि ठोका होता लोगो बसतो तिथे, म्हणजे एक सेकंद उलटत आल्यावर. दोन सेकंदांची फाइल संपली की घुमणं कापलं जाई. एकटं ऐकताना ते खटकत नव्हतं, कारण पुढे शांतताच होती. भागात लगेच पाहुणा बोलू लागला, आणि त्याच्या पहिल्या शब्दाच्या तोंडावर दार आपटल्यासारखं झालं.

मी घुमणं लांबवून बोलण्याखाली सोडलं, तर पहिले दोन-तीन शब्द गढूळ झाले. शेवटी ते आवाज काढून टाकले. त्याच जुन्या शॉटमध्ये कॅमेऱ्याने नोंदवलेला पाण्याचा सळसळाट होता, आणि खोरं दगडाला लागल्याचा एक स्वच्छ खणकाही. पाणी शून्यापासून, खणका सोळाव्या फ्रेमला, म्हणजे डोळ्याला शब्द बसल्यासारखा वाटतो त्या क्षणी. खणक्याला शेपूट नाहीच. तो आपसूक विरतो. पाण्याचा आवाज मी आधीच्या वाक्याच्या शेवटाखाली थोडा आत ओढला, त्यामुळे स्टिंग धाडकन येत नाही. यासाठी आवाज चित्रापेक्षा लांब लागतो. म्हणून आवाजाची फाइल आता वेगळी देतो आणि ती कुठल्या फ्रेमवर चित्राशी जुळते ते लिहितो.

पातळीचीही गोष्ट अशीच. एकट्या फाइलमध्ये मी आवाज मीटरच्या कडेपर्यंत चढवला होता. बोलणं त्याच्या कितीतरी खाली असतं. हेडफोन लावलेला माणूस दचकतो आणि पुढच्या वेळी स्टिंग यायच्या आधीच पुढे ढकलतो. आता पाहुण्याचं वाक्य ऐकत ऐकत स्टिंगवर येतो, आणि खणका त्या वाक्यातल्या जोरकस शब्दापेक्षा मोठा वाटला की खाली आणतो.

दुसऱ्याच्या टाइमलाइनवर

भाग जोडणारा मुलगा वेगळ्या गावी होता. त्याच्याकडून निरोप आला, “सर, रेघ अडखळतीय.” माझ्याकडे ती लोण्यासारखी चालत होती. तो फोनवर चित्रित केलेलं फुटेज जोडायचा, आणि फोन तीस फ्रेमचे. त्याची टाइमलाइन तीसची, माझी फाइल पंचवीसची. सॉफ्टवेअर सेकंदाला पाच फ्रेम कमी पडतात म्हणून पाच फ्रेम दोनदा दाखवतं. स्थिर लोगोत ते दिसत नाही. पण आमची रेघ एका फ्रेममध्ये शंभरेक पिक्सेल पळते. तिथे एक फ्रेम दोनदा आली की ती अडखळतेच.

मी आधीच विचारायला हवं होतं. आता जुन्या भागाची मूळ क्लिप मागवतो आणि एक ओळ चालवतो:

```
ffprobe -v error -select_streams v:0 \
 -show_entries stream=r_frame_rate,avg_frame_rate \
 -of default=nw=1 clip.mp4
```

दोन आकडे येतात. ते सारखे असतील तर निश्चिंत. त्यांच्यात तफावत असेल तर फोनने बहुधा फ्रेमचा वेग मधेमधे बदललेला आहे, आणि भाग जोडण्याआधी ते फुटेज एकसारखं करून घ्यायला सांगतो.

तीसची आवृत्ती मी रूपांतर करून केली नाही, नव्याने बांधली. लोगो आकारांचा बनलेला असल्याने त्याला काहीच अडचण नाही: साठ फ्रेमची कंपोझिशन, वेळा त्याच. पाण्याच्या पंचवीसच्या शॉटला सॉफ्टवेअरमध्ये ‘तू तीसचा आहेस’ असं सांगितलं. त्यामुळे एकही फ्रेम दुबार न होता पाणी वीस टक्के जास्त वेगाने वाहतं. त्या पंधरा फ्रेम आता अर्ध्या सेकंदात संपतात, म्हणून रेघ थोडी अलीकडे उगवते. वीस टक्के जोरात वाहणारं पाणी कुणाला खटकत नाही. माणूस चालत असता तर खटकलं असतं.

जतचा भाग

हे सगळं जुळल्यावर काही महिने स्टिंग बिनबोभाट चाललं. मग मालिका जत आणि आटपाडीकडे गेली. पाहुणा बोलतो, “यंदा टँकर आला तेव्हा जनावरं वाचली,” आणि लगेच पडद्यावर सरीत पाणी झेपावतं. बाईंचा फोन आला. त्या रागावल्या नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, “हे बरं दिसत नाही हो.” बरं दिसत नव्हतंच. मी पुन्हा स्टिंगच तपासलं होतं, ते कशाच्या शेजारी बसणार हे विसरून.

त्यावर मी पहिल्या पंधरा फ्रेमची जागा मोकळी केली. लोगो, रेघ, शेवटची विरघळण आणि खणका कायम. सुरुवातीचा शॉट बदलता. जतच्या भागांना माडग्याळी मेंढ्यांचा कळप आहे, डावीकडून उजवीकडे जाणारा, आणि रेघ पुढच्या मेंढीच्या पाठीच्या उंचीवर उगवते. आटपाडीला डाळिंबाच्या ओळीतून चाललेलं कोळपं आहे. पाण्याच्या सळसळाटाऐवजी त्या त्या शॉटचा आवाज. भाग जोडणाऱ्या मुलाला एक कागद लिहून दिला आहे: कॅमेरा हललेला नसावा, हालचाल डावीकडून उजवीकडेच, चित्रात बारीक कडांची गर्दी नको, हालचालीचं टोक नवव्या फ्रेमला मध्याच्या अलीकडे असावं, फ्रेम वर-खाली सरकवून रेघेशी उंची जुळवावी, वेग बदलू नये. मागच्या महिन्यात त्याने स्वतःहून द्राक्षबागेतला एक शॉट बसवला आणि मला फक्त तयार भाग पाठवला. पानांची गर्दी होती, व्हॉट्सअ‍ॅपवर चिखल झाला होता. मी त्याला तसं कळवल्यावर त्याने त्याच भागातला, क्रेट उचलून गाडीत सरकवणाऱ्या हातांचा शॉट लावला. तो चालला.